विक्रीत पहिला आल्याचा पुरस्कार घेताना काय बोलावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साबण, बिस्किटं, चहा, तेल असा रोजच्या वापराचा माल विकणाऱ्या कंपन्यांची वार्षिक सेल्स मीट बहुधा एप्रिल-मे महिन्यात भरते. वर्षभरात पहिल्या आलेल्या सेल्स ऑफिसरला मंचावर बोलावतात, ट्रॉफी देतात आणि लगेच माइक पुढे करतात. बाजारात दिवसभर बोलणारा हा माणूस तिथे मात्र 'सगळ्यांचे मनापासून आभार' एवढंच म्हणून उतरतो. ज्यांनी खरंच काम केलं त्यांच्या वाट्याला त्यातून काहीच येत नाही, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं. म्हणून हे पान. उदाहरणासाठी २०२५-२६ हे वर्ष घेतलं आहे, कारण त्या वर्षी बाजारात जे घडलं ते या धंद्यातल्या प्रत्येकाला आठवतं.

भाषण किती वेळाचं असावं?

अडीच ते तीन मिनिटं. मराठीत सावकाश बोललं तर एका मिनिटात साधारण शंभर ते एकशेवीस शब्द होतात, म्हणजे लिहिलेला मजकूर तीनशे शब्दांच्या आत हवा. डोळ्यांनी वाचून अंदाज घेऊ नका. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा. टाळ्यांची वेळ वेगळी जाते, तीही धरा.

'माझी टीम' म्हणताना नेमकी कोणाची नावं येतात?

इथेच बहुतेक भाषणं फसतात. सेल्स ऑफिसर आपल्या एरिया मॅनेजरचं नाव घेतो, बरोबरीच्या दोघातिघांचं घेतो आणि थांबतो. पण माल दुकानात पोहोचतो कसा ते बघा. कंपनीच्या डेपोतून माल वितरकाकडे जातो, त्याला आपण प्रायमरी म्हणतो. वितरकाचे सेल्समन रोज ठरलेल्या बीटवर जाऊन तीस-चाळीस दुकानांची ऑर्डर घेतात. संध्याकाळी वितरकाच्या ऑफिसात बिलं निघतात, गोदामातली माणसं बिलाप्रमाणे माल काढून रचतात, दुसऱ्या दिवशी टेम्पो तो दुकानात टाकतो आणि वसुली घेऊन परततो. ही झाली सेकंडरी. तुमचा खरा धंदा सेकंडरीत असतो आणि ती करणारी बहुतेक माणसं कंपनीच्या पगारावर नसतात. सेल्स मीटच्या हॉलमध्ये त्यांना खुर्ची नसते, म्हणूनच त्यांचं नाव मंचावरून येणं मोलाचं ठरतं.

नावं शोधायची एक सोपी रीत आहे. वर्षातला सगळ्यात अडचणीचा महिना आठवा आणि त्या महिन्यात कोणी काय केलं ते लिहून काढा. चांगल्या महिन्यात सगळेच धावतात, त्यामुळे कोणामुळे काय झालं ते कळत नाही. अडचणीच्या महिन्यात ते उघडं दिसतं. बिलिंगला बसणाऱ्या ताई रात्री उशिरापर्यंत थांबल्या, गोदामातल्या मामांनी एक्सपायरी जवळ आलेला माल वेगळा काढून आधी सांगितला, कमर्शियलमधल्या कोणीतरी अडकलेले क्लेम सोडवले, असं काहीतरी हाती लागतंच.

सहा-सात नावं पुरे. प्रत्येक नावापुढे एक काम सांगा. नुसती बारा नावं वाचली तर ती हजेरी होते.

भाषण लिहायच्या आधी कुठले आकडे बघावेत?

वितरकाच्या गोदामातला मार्चअखेरचा शिल्लक माल. हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण आभार खरे ठरतात की नाही ते याच आकड्यावर ठरतं.

पुष्कळ ठिकाणी पुरस्कार प्रायमरीवर मिळतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वितरकाच्या गळी माल उतरवला की आकडा पूर्ण होतो. बाजारात याला लोडिंग म्हणतात. माल गोदामात पडून असतो, वितरकाचे पैसे त्यात अडकतात आणि एप्रिल-मे महिन्यात नवीन ऑर्डर निघत नाही. ओळखायला सोपं आहे. वितरकाकडे एरवी वीस दिवसांचा माल असतो आणि मार्चअखेर तो चाळीस दिवसांचा झाला असेल, तर ती वाढ बाजारात खपलेली नाही. काही महिन्यांनी एक्सपायरीचा परतीचा माल वाढला की खात्रीच पटते.

अशा वेळी 'वितरकांच्या विश्वासामुळे हे यश' असं म्हटलं, तर पुढच्या रांगेत बसलेल्या वितरकाला ते लागतं. त्याच्या गोदामाचं भाडं तोच भरत असतो. शिल्लक जास्त असेल तर विक्रीच्या वाढीबद्दल न बोलता त्याने उचललेल्या भाराबद्दल स्पष्ट बोला आणि तो माल हलवायला येत्या दोन महिन्यांत काय करणार तेही सांगा. वितरकाला असे आभार आवडतात, कारण त्यात त्याची अडचण मान्य केलेली असते.

ग्राहकांचे आभार मानायचे म्हणजे कोणाचे? दुकानदाराचे की घरात माल वापरणाऱ्यांचे?

सेल्स ऑफिसरचा ग्राहक म्हणजे दुकानदार. घरातल्या गिऱ्हाइकाशी तुमची गाठ पडते ती काउंटरवर, तीही दुकानदाराच्या तोंडून. म्हणून आभार दुकानदाराचे माना आणि त्याने नेमकं काय दिलं ते सांगा. नवीन माल समोरच्या फळीवर ठेवायला जागा दिली. बिल वेळेवर भागवलं. अमुक पाकीट गिऱ्हाइकं परत आणतात हे तोंडावर सांगितलं. या तिसऱ्या गोष्टीची किंमत मला सगळ्यात जास्त वाटते. दुकानदाराला माल नको असेल तर तो मुकाट्याने ऑर्डर कमी करतो. तक्रार सांगतो तेव्हा तो तुम्हाला दुरुस्तीची संधी देत असतो.

मात्र तक्रारीचा उल्लेख ती मिटली असेल तरच करा. मिटलेली नसेल तर मंचावरून आपल्याच कारखान्यातल्या लोकांना बोल लावल्यासारखं होतं, आणि उत्तर द्यायला त्यांच्या हातात माइक नसतो.

दुकानदाराचं नाव घ्यावं का?

आधी विचारून घ्या, आणि विचारलं तरी तीन गोष्टी बोलू नका.

पहिली, उधारी. 'अमुक शेठची बाकी थकली होती, तरी आम्ही माल दिला' हे तुम्ही कौतुकाने सांगाल, पण भाषणाचं चित्रण दुसऱ्या दिवशी तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरेल आणि त्या माणसाची पत जाईल. त्याला इतर कंपन्यांचे वितरकही उधारीवर माल देतात, त्यांच्यापर्यंतही ते पोहोचेल.

दुसरी, भाव आणि स्कीम. एखाद्या मोठ्या दुकानाला तुम्ही वेगळी सूट दिली हे मंचावर आलं, तर त्याच पेठेतले बाकीचे दुकानदार सोमवारी तीच सूट मागतील आणि ते रास्तच असेल.

तिसरी, दुसऱ्या कंपनीचा माल. 'त्यांनी दुसऱ्यांचा माल काढून आपला लावला' हे वाक्य हॉलमध्ये हमखास टाळ्या घेतं. पण दुकानदाराला सगळ्यांशी धंदा करायचा असतो. तुमच्या एका वाक्यामुळे त्याचे दुसरीकडचे संबंध बिघडू शकतात.

विक्रीचा आकडा सांगितला तर चालतं का?

आपल्या भागातल्या दुकानांची संख्या, नव्याने जोडलेली गावं, वाढलेले बीट हे बिनधास्त सांगा. रुपयांतले आकडे टाळा.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर याला नियमाचं कारणही आहे. सेबीच्या २०१५ सालच्या नियमांनुसार शेअरच्या भावावर परिणाम करू शकेल अशी अप्रकाशित माहिती बाहेर देता येत नाही. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन अठ्ठेचाळीस तास होईपर्यंत अशी माहिती असलेल्या लोकांना कंपनीच्या शेअरचे व्यवहारही बंद असतात. सेल्स मीट एप्रिलमध्ये असेल तर ती नेमकी याच काळात येते. एका तालुक्याच्या आकड्याने शेअरचा भाव हलणार नाही हे खरं. पण आधीच्या वक्त्याने दाखवलेला सगळ्या विभागाचा आकडा तुम्ही भाषणात पुन्हा उच्चारला आणि कोणी तो मोबाइलवर टिपून बाहेर टाकला, तर मामला गंभीर होतो. मंचावर जाण्याआधी आयोजकांना विचारून घ्या.

एखादा पूर्ण नमुना मिळेल का?

मिळेल. खालचं भाषण मी नमुना म्हणून रचलं आहे. बोलणारा सोलापूर जिल्ह्यातला मोहोळ-माढा भाग बघतो असं धरलं आहे, आणि नावांच्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी दर कमी करण्याचा निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून तो लागू झाला. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मधल्या काळात दुकानदारांनी हात आखडता घेतला, कारण जुन्या किमतीचा माल पडून राहील ही भीती होती. त्याच महिन्याच्या शेवटी सीना नदीला मोठा पूर आला. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती, म्हणजे हाती जेमतेम महिना.

> नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यात मोहोळ आणि माढा हा भाग बघतो.
>
> सप्टेंबरमध्ये आमच्याकडे ऑर्डर जवळजवळ थांबली. दुकानदार म्हणाले, बावीस तारखेनंतर या. त्यांचं बरोबर होतं, जुन्या किमतीचा माल घेऊन ते अडकले असते. त्या दिवसांत वितरकांचे सेल्समन ___ आणि ___ रोज बीटवर गेले. ऑर्डर मिळणार नाही हे माहीत असून गेले. प्रत्येक दुकानात जुन्या किमतीचा किती माल आहे तो त्यांनी मोजून वहीत लिहिला. बिलिंगच्या ___ ताईंनी रात्री बसून ती वही संगणकात भरली. नवीन दराचा माल आला तेव्हा कुठल्या दुकानात काय लागणार हे आम्हाला आधीच माहीत होतं. आमची दिवाळीची विक्री त्या वहीवर उभी राहिली.
>
> मग सीनेला पूर आला. आमच्या काही दुकानांत पाणी शिरलं. आमचे वितरक ___ शेठ यांनी त्या गावांतली वसुली थांबवायला सांगितली. "आधी दुकान उभं राहू दे," एवढंच म्हणाले. अडकलेले पैसे त्यांचे स्वतःचे होते. टेम्पोवरचे ___ भाऊ रस्ता खुला होताच लांबच्या वाटेने पहिला माल घेऊन गेले.
>
> कमर्शियलच्या ___ मॅडम, दरफरकाच्या क्रेडिट नोटा तुम्ही दिवाळीआधी काढल्यात. दुकानदारांना शब्द मी दिला होता, पाळलात तुम्ही. ___ सर, सप्टेंबरचा आकडा भरण्यासाठी वितरकाकडे माल टाक, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. त्या महिन्यात मी मागे पडलो आणि तुम्ही पडू दिलंत. म्हणून ऑक्टोबरमध्ये वितरकाच्या हातात नवीन माल घ्यायला पैसे होते.
>
> माझे दुकानदार आज इथे नाहीत. पुराच्या चिखलात दुकान धुतानासुद्धा त्यांनी मला चहा दिला आणि पुढच्या ऑर्डरचं बोलले. छोटं पाकीट गळतं, हे मोहोळच्या एका दुकानदार काकूंनी मला सगळ्यांच्या आधी सांगितलं. पॅकिंग विभागाने ते दुरुस्त केलं. काकू, तुमच्यामुळे आमचा माल सुधारला.
>
> घरी ___ ने दर महिनाअखेरीला माझी वाट पाहिली. आई-बाबा, ___, हा तुमचाही मान आहे.
>
> ही ट्रॉफी मी आधी वितरकांच्या ऑफिसात घेऊन जाणार आहे. धन्यवाद.

या नमुन्यात काय मुद्दाम गाळलं आहे?

पुरात ज्यांचं नुकसान झालं त्या दुकानदारांची नावं. वसुली थांबवली हे सांगितलं, कोणाची थांबवली ते नाही. त्यामुळे शेठचा मोठेपणा कळतो आणि कोणाची अडचण चव्हाट्यावर येत नाही.

भिजलेल्या मालाबद्दलही काही नाही. पुरात भिजलेला माल सहसा कंपनीच्या डॅमेज क्लेममध्ये बसत नाही. तो क्लेम वाहतुकीत फुटलेल्या किंवा कारखान्यातूनच सदोष आलेल्या मालासाठी असतो. दुकानदाराचा विमा असेल तर भरपाई तिथून मिळते, आणि छोट्या दुकानांचा विमा बहुतेक वेळा नसतोच. कंपनीने तुमच्या भागात खास मदत दिली असेल तर जरूर सांगा. दिली नसेल तर 'कंपनी पाठीशी उभी राहिली' असं मोघम वाक्य टाकू नका. ज्याचा माल वाहून गेला तो ते चित्रण बघणार आहे.

काकूंचं नाव नाही, कारण नमुन्यात त्यांची परवानगी धरलेली नाही. खऱ्या भाषणात विचारून नाव घेतलंत तर फारच छान.

साहेबांचे आभार मानताना चमचेगिरी वाटू नये म्हणून काय करावं?

त्यांचा एक निर्णय सांगा, तोही त्यांना थोडा महागात पडलेला. 'सरांचं मार्गदर्शन लाभलं' यातून काहीच कळत नाही. नमुन्यातल्या साहेबांनी एका महिन्याचा आकडा खाली जाऊ दिला, आणि त्यासाठी त्यांना वर उत्तर द्यावं लागलं असणार हे हॉलमधल्या प्रत्येकाला समजतं. असा निर्णय आठवतच नसेल तर एक साधं धन्यवाद पुरे. साहेबही तेवढ्याने समाधानी असतात.

मराठीत बोलावं, हिंदीत की इंग्रजीत?

मीट महाराष्ट्रापुरती असेल तर मराठीत. देशभरातले लोक असतील तर हिंदीत बोला, पण वितरक आणि सेल्समनसाठीची दोन वाक्यं मराठीतच ठेवा, कारण चित्रण त्यांच्याकडे जाणार आहे. बीट, सेकंडरी, क्लेम, क्रेडिट नोट हे शब्द जसेच्या तसे वापरा. रोज गोदामात 'क्लेम' म्हणणाऱ्या माणसाने मंचावर 'दावा' म्हटलं तर ऐकणाऱ्याला क्षणभर कोर्टात आल्यासारखं वाटतं.

आणखी एक. सेल्समनला नुसत्या नावाने हाक मारत असाल तरी मंचावर नावापुढे भाऊ, दादा, ताई लावा. वयाने लहान असला तरीही.

बोलताना गळा भरून आला तर?

थांबा. पाण्याचा घोट घ्या. लोक थांबतात. घरच्यांचा उल्लेख म्हणूनच शेवटी ठेवला आहे, म्हणजे तिथे आवाज अडकला तरी सहकाऱ्यांची नावं आधीच घेऊन झालेली असतात.

कागद हातात धरून वाचलं तर चालेल?

चालेल. नावं तरी कागदावरूनच घ्या. ऐन वेळी टेम्पोवाल्या भाऊंचं आडनाव चुकलं तर ते वर्षभर लक्षात ठेवतील. पाठांतर करायचंच असेल तर पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक, एवढंच करा. मोबाइलवरून वाचू नका, कारण स्क्रीन बंद होते आणि मंचावर ती उघडताना हात थरथरतो. अर्ध्या पानाच्या कागदावर मोठ्या अक्षरांत, एका ओळीत एक वाक्य असं लिहा.

दुकानदार हॉलमध्ये नसतात. त्यांच्यापर्यंत आभार कसे पोहोचवायचे?

चित्रण पाठवून काम होत नाही, निदान सगळ्यांसाठी नाही. काउंटरवर गर्दी असताना तीन मिनिटं कोण बघणार? पुढच्या आठवड्याच्या बीटवर सेल्समनबरोबर स्वतः जा. मोठी दुकानं आधी घ्यायची आपली सवय असते, पण या फेरीत छोटी दुकानंही सोडू नका. प्रत्येकाला त्याच्यापुरतं एक वाक्य सांगा: "सप्टेंबरात तुम्ही जुना माल मोजू दिलात, त्याचा फार उपयोग झाला." त्या भेटीत ऑर्डर मागू नका. सेल्समनला वाटेत हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीने ऑर्डरबुक उघडतो.

जुने क्लेम किंवा परतीचा माल बाकी असेल तर तो मिटवून मगच जा, किंवा त्याची यादी हातात घेऊन जा. माझ्या अनुभवात दुकानदार पुरस्काराबद्दल अभिनंदन करतात आणि लगेच विचारतात, "ते फुटलेल्या बरणीचं काय झालं?" त्या बरणीची क्रेडिट नोट बरोबर असली की तिथेच देऊन टाकता येते.

बक्षिसाच्या रकमेतून टीमला काही द्यावं का?

दिलं तर चांगलंच, पण मंचावर जाहीर करू नका. रक्कम हातात यायला वेळ लागतो, आणि कंपनीकडून मिळालेल्या रोख बक्षिसावर पगाराप्रमाणेच कर कापला जातो. जाहीर केलेला आकडा आणि हातात आलेला आकडा वेगळे निघाले, तर वाटणी करताना अवघड होतं. पैसे जमा झाल्यावर वितरकाच्या ऑफिसात सगळ्यांना एकत्र बोलवा आणि गोदामातल्या माणसांपासून सुरुवात करा.